आयरिशमधलं ‘हो’
“आयरिशमध्ये ‘हो-नाही’ला शब्दच नाहीत, मग प्रश्नातलं क्रियापद तसंच परत म्हणायचं का?”

‘तसंच’ म्हणता येणार नाही. इंग्रजी भाषांतरातून पाहिलं तर अडचण दिसत नाही: ‘डिड यू सी इट?’ – ‘आय डिड’. ‘डिड’ दोन्हीकडे तेच. मूळ आयरिश प्रश्न मात्र ‘अन वाका तू ए?’ असा आहे आणि होकार आहे ‘खॉनिक’, म्हणजे ‘पाहिलं’. प्रश्नदर्शक ‘अन’ आणि नकारदर्शक ‘नी’ यांच्यामागे या क्रियापदाचं वेगळंच रूप येतं, म्हणून नकार ‘नी आका’. ‘वाका’ आणि ‘आका’ हे एकच रूप, फक्त सुरुवातीचा ‘फ’ एकदा ‘व’ होतो, एकदा गळतो. मी शिकताना कित्येक दिवस होकाराला ‘वाका’च म्हणत होतो. आपल्याकडे ‘पाहिलंस का?’ला ‘पाहिलं’ म्हणतो तेव्हा धातू बदलत नाही, त्यामुळे ही चूक लक्षातच येत नाही.

‘शा’ म्हणजे ‘हो’ असं बरेच जण धरून चालतात. ते खरं तर ‘आहे ते’. ‘तू शिक्षक आहेस का?’ अशा ओळख विचारणाऱ्या प्रश्नाला ते चपखल बसतं, ‘पाहिलंस का?’ला नाही.