मोतीचं चित्र: आधी शब्द की आधी फोटो?

नेहा (बी-३०४): वाचनखोलीच्या दारावर आपला मोती कुत्रा झाडाखाली पुस्तक वाचताना हवाय ना, त्यासाठी काल रात्री नुसतं वर्णन लिहून एआयकडून वीसेक चित्रं काढली. झाड, ऊन, पुस्तक सगळं छान आलंय, पण मोती एकातही नाही. डावा कान काळा असं स्पष्ट लिहिलं, तर कुठे दोन्ही कान काळे, कुठे उजवा. आज त्याचा फोटोच टाकते.

सुधीरकाका (ए-४०१): फोटोच टाक. सांगत बसण्यापेक्षा दाखवलेलं बरं.

नेहा: काका, टाकला. पार्किंगमधला, स्कूटरशेजारी बसलेला. आता मोती आहे, पण स्कूटरही आहे! वर्णनात झाड आणि पुस्तक लिहूनही चित्रात पार्किंगच आलं. रंगवल्यासारखं दिसतंय इतकंच.

अनघाताई (ए-१०२): नेहा, `Denoising strength` किती ठेवलंस?

नेहा: ०.३५. मग ०.७५ करून पाहिलं. झाड आणि पुस्तक आलं, पण कान दोन्ही पांढरे. मधे ०.५५ वर स्कूटरच्या चाकाचं झुडूप झालं आणि कान नुसता करडा.

अनघाताई: बरोबर, तसंच होणार. नुसतं वर्णन दिलं की प्रोग्राम ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करतो. जुन्या टीव्हीवर मुंग्या दिसायच्या ना, तसा. मुंग्या साफ करत करत तो वर्णनाकडे जातो. फोटो दिला की आधी त्या फोटोवर मुंग्या पसरतो आणि मग साफ करतो. तो आकडा म्हणजे किती मुंग्या पसरायच्या ते. कमी पसरल्या तर मोतीबरोबर स्कूटरही टिकते, जास्त पसरल्या तर स्कूटरबरोबर कानही जातो. फोटोतलं काय महत्त्वाचं आणि काय नको, हे त्या आकड्याला कळत नाही.

सुधीरकाका: म्हणजे फोटोचा उपयोग नाही?

अनघाताई: आहे काका, पण फक्त मोतीपुरता. सुरुवात करण्याआधी मी एकच गोष्ट ठरवते: या चित्रात नेमकं *हेच* हवं असं काय आहे? झाड कुठलंही चालेल, ऊन, पुस्तकही चालेल. ते शब्दांवर सोडायचं. मोती मात्र आपलाच हवा, आणि त्याचा कान कितीही लिहिलं तरी शब्दांत पोचत नाही. डावं-उजवं तर हे प्रोग्राम हमखास चुकवतात.

नेहा, कालची चित्रं पुसू नकोस. त्यातलं मांडणी आवडलेलं एक घे. फोटोतून फक्त मोती कापून त्यातल्या कुत्र्याच्या जागी चिकटव. कडा ओबडधोबड राहिल्या तरी चालतील. मग हे जोडचित्र फोटोच्या जागी दे आणि आकडा ०.४ च्या आसपास ठेव. वर्णनात पूर्ण चित्र लिही, "कुत्रा बदल" असं नको. तुझा प्रोग्राम सूचना पाळत नाही, वर्णनाशी जुळवत जातो.

नेहा: ताई, चिकटवला. पण झाडाच्या चित्रात ऊन डावीकडून आणि मोतीवर उजवीकडून आहे. मोती आडवा उलटा करू?

अनघाताई: नको! काळा कान दुसऱ्या बाजूला जाईल. झाडाचं चित्र उलटं कर, त्याला डावं-उजवं नाही. ऊन जुळवच, एवढ्या कमी आकड्यावर सावल्या जागच्या हलत नाहीत.

नेहा: 📷 हे बघा!! ०.४ वर कडा मिटल्या, कान काळाकुळकुळीत आणि डावाच. फक्त डोळे जरा पुसट झालेत.

अनघाताई: सुरेख! मूळ फोटो किती मोठा आहे?

नेहा: ग्रुपवरूनच उतरवला होता.

अनघाताई: ग्रुपवर पाठवताना फोटो दाबून लहान होतो. कापल्यावर चेहऱ्याला फारच थोडे ठिपके उरले असतील आणि तो पुसटपणा चित्रात जसाच्या तसा येतो. ज्यांनी काढला त्यांच्याकडून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागव.

राहुल (सी-२०२): ताई, मला खेळाच्या दिवसाचं पोस्टर करायचंय, धावणारी मुलं. मागच्या वर्षीचे मुलांचे फोटो आहेत, ते टाकू?

अनघाताई: तुला अमुकच मूल हवंय का?

राहुल: नाही, कुठलीही चालतील.

अनघाताई: मग नुसतं वर्णन लिही. फोटो दिलास तर मागच्या वर्षीचीच गर्दी आणि तोच कोन येत राहील. शिवाय पालकांना विचारल्याशिवाय मुलांचे चेहरे कुठल्याही साइटवर चढवू नकोस. तारीख आणि वेळ चित्रात मागू नकोस, अक्षरं बिघडू शकतात. ती वरून वेगळी टाक.

सुधीरकाका: नेहा, फोटो मी काढला होता. मूळ फाइल पाठवतो, डॉक्युमेंट म्हणून.