अबोल्याकडे दुर्लक्ष करावं का?

निवांत_सातारा: घरात एकाने अबोला धरला की दुसऱ्याने सरळ दुर्लक्ष करावं. चार दिवस कुणी विचारलं नाही की माणूस आपसूक ताळ्यावर येतो. मनधरणी केली की सवय लागते. जुन्या लोकांचे संसार असेच टिकले. यात एवढं समुपदेशन वगैरे कशाला लागतं?

रेवती_क: हे वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. सगळे अबोले एका जातीचे नसतात. एक माणूस गप्प बसतो कारण त्या घटकेला त्याचं डोकंच चालत नसतं. दुसरा गप्प बसतो कारण समोरच्याने कासावीस व्हावं, हेच त्याला हवं असतं. पहिल्याकडे चार दिवस पाहिलं नाहीत तर विषय तसाच कुजत पडतो आणि पुढच्या भांडणात दुप्पट होऊन येतो.

या पहिल्या जातीचं जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हनसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांना यंत्रं लावून मोजमाप केलंय. भांडताना नाडी मिनिटाला 100च्या वर गेली की समोरचा काय म्हणतोय ते नीट पोचतच नाही. वरून माणूस दगड दिसतो. नजर खाली, मान ताठ, साधा हुंकार नाही. आत मात्र छाती धडधडत असते.

उदाहरण घ्या. रात्री साडेआठ, ती पोळ्या लाटतेय. जॉइंट खात्याचा मेसेज येतो, नवऱ्याने भावाला 40,000 पाठवलेत. ‘मला एका शब्दाने सांगावंसं वाटलं नाही?’ तो म्हणतो, ‘त्याला नड होती.’ ती गेल्या दिवाळीचे पैसे काढते, मग सासूबाईंच्या ऑपरेशनच्या वेळचे. तिसऱ्या मुद्द्याला तो मोबाइल उचलतो. ‘मी भिंतीशी बोलतेय का?’ तो उठून आत जातो, ती मागोमाग दारात. बिघडतं ते इथे. तिला त्याचं गप्प राहणं म्हणजे बेफिकिरी वाटते, म्हणून ती आवाज चढवते. आवाज चढला की तो आणखी मिटतो.

त्याने उठण्याआधी एवढंच म्हणायला हवं होतं, ‘आत्ता माझ्याने बोलवत नाही. जेवणं उरकली की साडेनऊला गॅलरीत बसू.’ वेळ त्यानेच सांगायची आणि साडेनऊला विषयही त्यानेच काढायचा. तो चुकवला की पुढच्या वेळी ती त्याला खोलीतून उठूच देणार नाही, आणि तिचं बरोबरच असेल. शरीर शांत व्हायला निदान 20 मिनिटं लागतात, आणि लांबवायचं झालं तरी दुसऱ्या दिवसापलीकडे नको. त्या वेळात ‘ती असं म्हणाली, मी तसं ऐकवायला हवं होतं’ ही उजळणी चालू राहिली तर नाडी उतरत नाही. गॉटमन यांनी एका प्रयोगात यंत्र दुरुस्त करायचंय अशी सबब सांगून भांडण मध्येच थांबवलं आणि जोडप्यांना अर्धा तास मासिकं वाचायला दिली. परत बसवलं तेव्हा नाडी उतरलेली होती आणि बोलणंही बरंच सुधारलं होतं.

सडेतोड: आला परत नवराच पिंजऱ्यात! बायका अबोला धरतात तो कुणी मोजायचा? भांडी आपटायची, विचारलं तर ‘काही झालं नाही’, आणि पोरीच्या तोंडून निरोप, ‘बाबांना सांग ताट वाढलंय.’ त्याला यंत्र लावा की.

मंजिरी७९: मोजलंय. त्याच गॉटमन यांच्या पाहणीत असं दगडासारखं बसणाऱ्यांत सुमारे 85 टक्के पुरुष निघाले. पुरुषांना भावना बोलताच येत नाहीत, जातच तशी. बायका निदान रडून भांडून मोकळ्या होतात.

सडेतोड: जात काढू नका. दिवसभर वरिष्ठांची बोलणी खाऊन लोकलला लटकत घरी यायचं आणि दारात उलटतपासणी. गप्प बसला म्हणून भांडण वाढलं नाही, याचं श्रेय कुणी देत नाही.

मंजिरी७९: श्रेय? गप्प बसून निर्णय तर स्वतःचाच रेटला ना! पैसे गेले ते गेलेच.

रेवती_क: मंजिरी, तुमचा आकडा बरोबर, निष्कर्ष अर्धाच. आणि रागाच्या भरात का होईना, खरी गोम तुम्हीच शेवटच्या वाक्यात सांगितलीत. अँड्र्यू ख्रिस्टेन्सन आणि ख्रिस्तोफर हेवी या मानसशास्त्रज्ञांनी 1990मध्ये जोडप्यांना दोन वेगवेगळे विषय दिले. एकात बायकोला नवऱ्याकडून बदल हवा होता, दुसऱ्यात नवऱ्याला बायकोकडून. पहिल्या विषयावर बायको मागे लागते आणि नवरा अंग काढून घेतो, हा साचा ठळक दिसला. दुसऱ्या विषयावर तो फरक उरला नाही. म्हणजे सगळं जातीवर ढकलता येत नाही. ज्याला आहे ते बदलायचंय तो बोलत सुटतो, ज्याचं आहे त्यात बरं चाललंय त्याला गप्प राहणं परवडतं. आपल्याकडे घरकाम, सासर, पैसा यांत बदल बहुतेक वेळा कुणाला हवा असतो, ते पाहा.

आणि सडेतोड, ताटाचा निरोप पोरीकरवी देणं वाईटच, बाईने केलं तरी. पोरगी दोघांचे चेहरे वाचून शब्द बदलायला शिकते.

सडेतोड: निदान एवढं तरी मान्य केलंत. पण ‘परवडतं’ हा शब्द मला पटलेला नाही. काहींना खरंच शब्द सुचत नाहीत.

पल्लवी_नाशिक: माझ्या मैत्रिणीचा नवरा महिना झाला बोलत नाही. 498अ लावता येईल का?

काळा_कोट: विषय तो नाही, पण उत्तर देतो. 498अ आता भारतीय न्याय संहितेत कलम 85 झालंय. निव्वळ न बोलण्यावर फौजदारी उभी राहणं कठीण. घटस्फोटासाठी मानसिक क्रूरता म्हणून मात्र विचार होऊ शकतो. समर घोष विरुद्ध जया घोष, सर्वोच्च न्यायालय, 2007. नुसता कोरडेपणा म्हणजे क्रूरता नव्हे, पण जाणूनबुजून आणि सातत्याने केलेली उपेक्षा, जिचा मनावर परिणाम होतो, ती ठरू शकते. खर्चाला पैसे देणंही बंद केलं असेल तर 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली वेगळी दाद आहे. तारखा टिपून ठेवायला सांगा.

निवांत_सातारा: बरं, अबोले दोन प्रकारचे असतात हे घ्या मान्य. ओळखायचं कसं ते कुणीच सांगत नाही. आणि दुसऱ्या जातीला तर माझंच औषध लागू पडतं ना?

रेवती_क: अर्धं लागू पडतं. ओळखायचं असं. डोकं बंद पडलेला माणूस त्या संध्याकाळी कुणाशीच धड बोलत नाही. शिक्षा देणारा शेजाऱ्याशी हसतो, आईशी फोनवर तासभर गप्पा मारतो आणि तुम्ही खोलीत आलात की थांबतो. अबोला सुटतो कसा तेही बघा. दर वेळी तुम्ही न केलेल्या गोष्टीची माफी मागितल्यावरच सुटत असेल, तर तो शिक्षेचाच.

अशा वेळी मागे लागू नये, इथवर तुमचं बरोबर. पण आपणही तोंड फिरवलं की दोन अबोले होतात. एकदाच, शांतपणे सांगायचं, ‘तू बोलत नाहीस हे मला दिसतंय, त्रासही होतोय. बोलायचं असेल तेव्हा मी आहे.’ दहा मेसेज नकोत. मग आपलं जेवण, ऑफिस, भिशी, बहिणीला फोन, सगळं नेहमीसारखं. सुटका व्हावी म्हणून खोटी माफी मात्र मागू नये, कारण सवय तिनेच लागते. आणि तो बोलायला लागला की ‘झालं गेलं’ म्हणून विषय गुंडाळायचा नाही. दुसऱ्या दिवशी 40,000चा विषय परत काढायचा, तेवढाच, दिवाळी न आणता.

मंजिरी७९: आणि साडेनऊ म्हणून सांगून तो कधीच गॅलरीत आला नाही तर?

रेवती_क: पहिल्यांदा चुकला तर आठवण करून द्यायची आणि नवी वेळ मागायची. दर वेळी तेच होत असेल तर तो थांबा नाही, टाळाटाळ आहे. मग तिसरं माणूस लागतं. तो समुपदेशकाकडे येत नसेल तर तिने एकटीने जावं.

सडेतोड: एकटीने जाऊन एकाच बाजूचं ऐकवणार. त्यापेक्षा घरातलं मोठं माणूस बसवा.

मंजिरी७९: मोठं माणूस म्हणजे त्याचीच आई ना?