मदत हवी आहे: चिनी निवेदनात यांत्रिक आवाज ‘पुन्हा मोजा’ला ‘वजन’ वाचतो

रानवाट

नमस्कार मंडळी. मी पुण्यात चिनी अनुवादाचं काम करते. सध्या एका कारखान्यासाठी मोजमापाच्या यंत्राचे बारा प्रशिक्षण व्हिडिओ चिनीत करतेय. निवेदन मजकुरावरून आवाज तयार करणाऱ्या सेवेतून काढायचं आहे. काल सुझौच्या तंत्रज्ञांनी तिसरा व्हिडिओ ऐकला आणि विचारलं, इथे वजन कशाचं करायचं? वाक्य हे होतं:

```
误差超过0.05毫米时，请重量一遍。
```

मला म्हणायचं होतं की फरक ०.०५ मिमीच्या वर गेला तर पुन्हा एकदा मोजा. म्हणजे 重 इथे ‘छुंग’ हवा, दुसऱ्या सुरात, ‘पुन्हा’ या अर्थाने. 量 हाही ‘ल्यांग’ दुसऱ्या सुरात, मोजणे. आवाजाने ‘जुंगल्यांग’ वाचलं, दोन्ही चौथ्या सुरात, आणि त्याचा अर्थ वजन. दोन अक्षरांमध्ये जागा सोडून पाहिली, तर मध्ये थांबून तेच वाचलं.

दुसरी गोष्ट मला जास्त लागलीय. तिथल्या एका इंजिनिअरांचं आडनाव 单. सगळे त्यांना 单工 म्हणतात. आडनाव असताना उच्चार ‘शान’, पण व्हिडिओत त्यांना ‘दान’ म्हटलंय. शुक्रवारपर्यंत नऊ व्हिडिओ द्यायचेत. प्रत्येक ओळ ऐकत बसण्यावाचून मार्ग आहे का?

तळेगावकर

सोपं आहे. मजकूर पारंपरिक लिपीत बदलून घ्या. सोप्या लिपीत दोन-दोन अक्षरांचं एक केलंय, म्हणून हा घोळ होतो. 发 बघा: ‘पाठवणे’चा फा पहिल्या सुरात आणि ‘केस’चा फा चौथ्या सुरात. पारंपरिक लिपीत 發 आणि 髮 ही वेगळीच अक्षरं आहेत. प्रश्नच मिटला.

शांघायचा_पाऊस

तळेगावकर, 发, 干, 只 यांच्यापुरतं तुमचं बरोबर आहे. पण ताईंची अक्षरं त्यातली नाहीत. 重 आणि 量 पारंपरिक लिपीतही तेच राहतात, 单चं 單 होतं आणि त्यालाही दोन्ही उच्चार आहेत. हे दुहेरी उच्चार लिपी सोपी करण्याच्या कितीतरी आधीचे आहेत.

ताई, मी शांघायमध्ये सात वर्षं निवेदनाच्या संहिता तपासल्या. तुमच्या वाक्यात खरी चूक उच्चार निवडताना झालेली नाही, ती त्याच्या आधीच्या पायरीवर झालीय. चिनीत शब्दांमध्ये जागा नसते, म्हणून यंत्राला आधी शब्द तोडावे लागतात. 重 आणि 量 शेजारी दिसले की 重量 हा अतिशय रुळलेला शब्द उचलला जातो. एकदा तो एक शब्द ठरला की कोशातला त्याचा एकच उच्चार घेतला जातो. म्हणून तुमच्याकडे दोन्ही अक्षरं एकदम चुकली. एकच चुकलं असतं तर कारण वेगळीकडे शोधलं असतं. नवी यंत्रं आजूबाजूचं वाक्यही बघतात, पण ‘पुन्हा मोजा’साठी 重量 असं फार कमी लोक लिहितात, त्यामुळे पारडं वजनाकडेच झुकतं.

इथे खुणा घालत बसू नका, वाक्य बदला:

```
误差超过0.05毫米时，请重新测量一遍。
```

重新ला ‘छुंग’शिवाय वाचन नाही, 测量मध्ये ‘ल्यांग’ दुसऱ्या सुरातच येतो. आमच्याकडे नियमच होता की कानाने ऐकायच्या मजकुरात एकाक्षरी क्रियापद शक्यतो ठेवायचं नाही. यंत्र नसतानाही त्याचा उपयोग होतो. 还欠款4000元 हे बघा. 还 ‘हाय’ वाचला तर अजून ४००० युआन देणं बाकी आहे, ‘हुआन’ वाचला तर देणं फेडलं. कागदावर चिनी माणसालाही ते सांगता येत नाही. संपादक तिथे बाकी असेल तर 尚欠 करतो, फेडलं असेल तर 已归还, आणि नेमकं काय ते लेखकाला विचारूनच.

चहाबाज

आपल्या मराठीतही हेच होतं की! माझी आई डोळ्यांमुळे सगळं फोनकडून वाचून घेते. ‘जरा थांब’मधला ज दाताजवळचा, आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण, त्यातला ज ‘जीवन’मधला. लिहिताना दोन्ही सारखेच. फोन कधी हा म्हणतो, कधी तो. यावर काही सेटिंग असतं का?

शांघायचा_पाऊस

चहाबाज, मूळ कारण तेच आहे, पण मराठीच्या सेटिंगसाठी वेगळा धागा काढा, तिथे जाणकार मिळतील.

आडनावाकडे येतो. तिथे वाक्य बदलता येत नाही, माणसाचं नाव आहे ते. शिवाय 单工 हा दूरसंचारातला खरा शब्द आहे, एकाच दिशेने जाणाऱ्या संदेशासाठी, आणि तो ‘दानकुंग’च वाचतात. यंत्र तोच धरून बसतं. अशा वेळी एकच उच्चार असलेलं समध्वनी अक्षर द्यायचं:

```
请联系<sub alias="善工">单工</sub>。
```

यात आवाज 善 वाचतो आणि मजकुरात 单 शाबूत राहतो. थेट मजकुरातच 善 लिहू नका. त्याच फाइलवरून उपशीर्षकं निघाली की साहेबांचं आडनावच बदललेलं दिसेल. मी हे एकदा केलंय, आणि दुसऱ्या दिवशी फोनवर माफी मागितलीय. उच्चार थेट देणारी `phoneme` खूणही असते, पण पिनयिन लिहायची रीत सेवेगणिक बदलते, कुठे `shan4`, कुठे `shan 4`. आधी एका ओळीवर करून बघा. सेवेच्या शब्दकोशात नियम घालणार असाल तर पूर्ण 单工चा घाला. नुसत्या 单चा घातलात तर 简单 आणि 单位 दोन्ही बिघडतील.

अक्षरवेल

सगळं ऐकायचं का, या प्रश्नाचं उत्तर राहिलं. मी संहितेत आधी 重 长 行 量 转 调 数 还 शोधते आणि त्या जागांना रंग देते. मग तेवढंच ऐकते, पण पूर्ण वाक्य लावून. कारण एक स्वल्पविराम हलला तरी वाचन बदलतं. मजकुराचं पिनयिन काढून देणाऱ्या साधनावर भरवसा ठेवू नका. तेही शब्द तसेच तोडतं, त्यामुळे 重量 तिथेही वजनच दिसेल. आणि आडनावं यादीत बसत नाहीत. 乐 आडनावाची काही माणसं ‘युए’ असतात, काही ‘ल’. त्या माणसालाच विचारावं लागतं.

रानवाट

खूप आभार. वाक्य बदललं, आता स्वच्छ ‘छुंगशिन’ ऐकू येतंय. 善工ची खूणही चालली. रंग दिल्यावर नऊ संहितांत एकसष्ट जागा निघाल्या, त्या आज रात्री ऐकते.

एक गोष्ट मात्र अडलीय. 转速, म्हणजे फेऱ्यांचा वेग. आवाज ‘जुआन’ चौथ्या सुरात वाचतो, शब्दकोशातही तसंच आहे. पण शान साहेब म्हणतात, आमच्या शॉपवर सगळे तिसऱ्या सुरात म्हणतात, हे ऐकायला परकं वाटतं. कुणाचं धरू?

अक्षरवेल

मी शब्दकोशाचं धरीन. उद्या हाच व्हिडिओ दुसऱ्या कारखान्यात गेला तर?

शांघायचा_पाऊस

मी ऐकणाऱ्यांचं धरीन. व्हिडिओ त्या शॉपसाठी आहे आणि अर्थ कुठेच बदलत नाही. पण जे ठरवाल ते बाराही व्हिडिओंत एकच ठेवा, आणि शान साहेबांकडून लेखी घ्या.

रानवाट

त्यांना दोन्ही आवाज पाठवलेत. उत्तर आलं की इथे लिहिते.