मदत हवी आहे: फोटोतल्या सॉर्टिंग स्यूडोकोडचा ड्राय रन, यादी नीट लागतच नाही

अर्धीवही
उद्या सकाळी असाइनमेंट द्यायची आहे. मैत्रिणीने वहीच्या पानाचा फोटो पाठवलाय, त्यात सॉर्टिंगचा स्यूडोकोड आहे. यादी ७, ३, ५, ३, ९. ट्रेस टेबल काढायचं आहे आणि खाली कॉम्प्लेक्सिटीवर टीप लिहायची आहे. कितीही वेळा केलं तरी शेवटी ७, ३, ३, ५, ९ येतं. पहिला ७ जागचा हलतच नाही. स्यूडोकोडच चुकलाय का? प्लीज लवकर सांगा.

सरळरेघ
कोणतं सॉर्टिंग? स्यूडोकोड कुठे आहे? फोटो दिसत नाहीये.

पानगळ
वहीचा फोटो घेताना पान सपाट करून घ्यावं, फोन पानाच्या बरोबर वर धरावा आणि उजेड बाजूने येऊ द्यावा. फ्लॅश नको, चकाकी येते. मी सगळ्या नोट्स अशाच साठवते, एकही अक्षर जात नाही.

सरळरेघ
पानगळताई, फोटो कसा काढायचा हे त्यांनी विचारलेलं नाही.

पानगळ
फोटो नीट असता तर ही वेळच आली नसती, म्हणून सांगितलं.

मधलीसुट्टी
पहिला घटक हलत नाही म्हणजे बबल सॉर्टचं आतलं लूप एकाने कमी फिरतंय. ते n-1 पर्यंत न्या, काम होईल.

अर्धीवही
बबल नाही, इन्सर्शन आहे. सांगायचं राहिलं. फोटो इथे चढत नाही म्हणून टाइप करतेय. शेवटची ओळ शिवणीजवळ आहे, पान तिथे वळलंय. ती जशी दिसतेय तशीच टाकलीय:

```
for j = 2 to n
    key = A[j]
    i = j - 1
    while i > 0 and A[i] > key
        A[i+1] = A[i]
        i = i - 1
      A[i+1] = key
```

मधलीसुट्टी
हां, मग सापडलं. `i > 0` नाही, `i >= 0` असणार. खालची आडवी रेघ फोटोत उडालीय. शून्याव्या जागेवरच्या ७ कडे लूप पोचतच नाही, म्हणून तो हलत नाही. एवढा बदल करा आणि पुन्हा चालवा.

अर्धीवही
केला बदल. तरी ७, ३, ३, ५, ९ च!!

ओळखीचा_खडू
थांबा, अजून काही बदलू नका. तुमच्या टेबलातल्या दोन ओळी इथे लिहा. `j = 2` असताना `key` किती घेतला, आणि `j = 5` ला काय लिहिलं?

अर्धीवही
j = 2 ला key = 5. j = 5 ला काहीच नाही, तिथे घटकच नाही, म्हणून ती ओळ रिकामी ठेवली.

ओळखीचा_खडू
मग स्यूडोकोड बरोबर आहे. तुम्ही जागा शून्यापासून मोजताय आणि कागद एकपासून मोजतोय. कागदावरच्या दोन खुणा तेच सांगतात. बाहेरचं लूप `2 to n` जातं, म्हणजे दुसऱ्या घटकापासून शेवटच्यापर्यंत. `i > 0` म्हणजे i शून्यावर आला की डावीकडे काही उरलं नाही. दोन्ही एकमेकांशी जुळतात, त्यामुळे रेघ उडाली असेल असं मानायचं कारण नाही.

शून्यापासून मोजल्यावर `j = 2` म्हणजे तिसरा घटक ५. त्यामुळे दुसऱ्या घटकाची, पहिल्या ३ ची, पाळी कधी आलीच नाही आणि ७, ३ ही जोडी तशीच राहिली. `>=` करूनही फरक का पडला नाही तेही बघा. ५ आणला तर त्याच्या डावीकडे ३ आहे, ३ काही ५ पेक्षा मोठा नाही, लूप तिथेच थांबलं. दुसरा ३ आणला तर तो ५ ओलांडून पहिल्या ३ पाशी थांबला. ७ पर्यंत कुणी गेलंच नाही. तुमची रिकामी राहिलेली `j = 5` ची ओळ हीच मोठी खूण आहे. ड्राय रनमध्ये लूपची एखादी फेरी यादीबाहेर जात असेल तर आधी मोजणी कुठून सुरू आहे ते तपासायचं.

मधलीसुट्टी
माझंही बरोबरच आहे. `>= 0` आणि सोबत `for j = 1 to n-1` केलं की उत्तर येतं. बहुतेक चालू भाषांमध्ये शून्यापासूनच मोजतात, तेच शिकावं.

ओळखीचा_खडू
दोन्ही बदल एकत्र केले तर येतं, मान्य. पण ड्राय रन दिलेल्या स्यूडोकोडचा करायचा आहे. तपासणारा कागदावरच्या `i > 0` शी ताडून बघणार. तुमच्या टेबलात i उणे एकवर थांबलेला दिसला तर ते टेबल दुसऱ्याच स्यूडोकोडचं ठरेल.

मधलीसुट्टी
तपासणाऱ्याला एवढं कळायला हवं.

ओळखीचा_खडू
अर्धीवही, जागा १ ते ५ धरून असं यायला हवं:

| j | key | सुरुवातीचा i | `A[i] > key` तपासणी | सरकवलं | i थांबला | फेरीअखेर यादी |
|---|---|---|---|---|---|---|
| २ | ३ | १ | १ वेळा | १ | ० | ३ ७ ५ ३ ९ |
| ३ | ५ | २ | २ वेळा | १ | १ | ३ ५ ७ ३ ९ |
| ४ | ३ | ३ | ३ वेळा | २ | १ | ३ ३ ५ ७ ९ |
| ५ | ९ | ४ | १ वेळा | ० | ४ | ३ ३ ५ ७ ९ |

`j = 4` ची फेरी सुटी करून बघा, गोंधळ तिथेच होतो. key मध्ये ३ ठेवला. i = 3, ७ मोठा, तो उजवीकडे सरकला: ३ ५ ७ ७ ९. इथे ७ दोनदा दिसतो आणि ३ गायब, म्हणून मुलं घाबरून खोडतात. खोडू नका, तो ३ key मध्ये सुरक्षित आहे. i = 2, ५ मोठा, सरकला: ३ ५ ५ ७ ९. i = 1, ३ > ३ खोटं, थांबलो. आता `A[2]` मध्ये key: ३ ३ ५ ७ ९.

`j = 2` ला तपासणी एकदाच का, हेही लक्षात घ्या. i शून्य झाल्यावर `and` चा पहिला भागच खोटा ठरतो, मग `A[0]` बघायचं नाही. एकपासून मोजताना ती जागाच नाही.

अर्धीवही
आलं!! ३ ३ ५ ७ ९. पण शेवटची ओळ while च्या आत धरायची की बाहेर? मी आत धरत होते आणि तशीही यादी नीट लागते.

सरळरेघ
लागते ना, मग कशाला काळजी? उत्तर तेच.

ओळखीचा_खडू
अंतिम यादी तीच, पण ट्रेस टेबल वेगळं होतं आणि मार्क टेबलाला आहेत. ओळ आत असेल तर प्रत्येक सरकवणीनंतर key लगेच लिहिला जातो. `j = 4` ला मधे ३ ५ ३ ७ ९ अशी अवस्था दिसते, बाहेर असताना ती कधीच येत नाही. `j = 5` ला ओळ आत असेल तर key चं लेखन होतच नाही, बाहेर असेल तर ९ स्वतःच्याच जागी पुन्हा लिहिला जातो. या यादीवर key ची लेखनं दोन्हीकडे योगायोगाने ४ च भरतात, त्यामुळे बेरजेवरून काही कळणार नाही. ९, ७, ५, ३, १ घेतली असती तर आत १० आणि बाहेर ४ झाली असती.

फोटो मोठा करून बघा. शेवटच्या ओळीचा A हा `while` च्या पहिल्या अक्षराखाली येतो की त्याखालच्या `A[i+1]` खाली?

अर्धीवही
दोन्हींच्या मधे. पान वळल्यामुळे खालच्या ओळी जरा उजवीकडे सरकल्यासारख्या दिसतात.

ओळखीचा_खडू
सगळ्याच सरकल्या असतील तर मूळ जागा डावीकडे, म्हणजे `while` च्या रांगेत. इन्सर्शन सॉर्ट नेहमी तसाच लिहितात. ओळ बाहेर धरा आणि टेबलाच्या वर एक वाक्य टाका: "शेवटची ओळ while च्या बाहेर गृहीत धरली आहे." मैत्रिणीकडून त्या कोपऱ्याचा दुसरा फोटो मिळाला तर उत्तमच.

पानगळ
पान दाबून धरून काढायला सांगा.

अर्धीवही
सांगितलं, ती झोपली असेल. आता टीप. तपासण्या १+२+३+१ = ७. मग कॉम्प्लेक्सिटी ७ लिहू?

सरळरेघ
O(n²) लिहा आणि मोकळ्या व्हा. इन्सर्शन, बबल, सिलेक्शन, सगळ्यांचं तेच.

ओळखीचा_खडू
७ ही या यादीवरची मोजणी आहे. कॉम्प्लेक्सिटी म्हणजे n वाढला की ही मोजणी कशी वाढते ते. आणि नुसतं O(n²) लिहिलं तर या सॉर्टची खासियतच सुटते. यादी आधीच चढती असेल तर प्रत्येक j ला एकच तपासणी, एकूण n-1, म्हणजे पाचाला ४. ते O(n) आहे. उतरती असेल तर 1+2+...+(n-1), म्हणजे n(n-1)/2, पाचाला १०. दहा घटकांना ४५, वीस घटकांना १९०. घटक दुप्पट झाले की काम साधारण चौपट होतं, हेच O(n²).

तुमचे ७ या दोन टोकांच्या मधे का, तेही यादीवरून दाखवता येतं. मोठा आधी आणि लहान नंतर अशा जोड्या मोजा: ७ आणि ३, ७ आणि ५, ७ आणि दुसरा ३, ५ आणि दुसरा ३. चार जोड्या, आणि टेबलात सरकवण्याही १+१+२+० = ४. हे दोन आकडे नेहमी जुळतात. जुळले नाहीत तर टेबलात कुठेतरी चुकलंय, ही पडताळणी फुकटात मिळते. उरलेल्या ३ तपासण्या म्हणजे जिथे `A[i] > key` खोटं निघून लूप थांबलं त्या, j = 3, 4 आणि 5 च्या.

सरळरेघ
चढत्या यादीचं O(n) माहीत होतं, पण परीक्षेत वाईटात वाईट स्थितीच विचारतात.

चौकटीची_वही
माझ्या मुलीचे असेच मार्क गेले होते. तिने प्रत्येक j ला एकच ओळ लिहिली होती. त्यांच्या बाईंना while ची प्रत्येक तपासणी वेगळ्या ओळीत हवी होती, खोटी निघालेलीसुद्धा. खडूसरांचं टेबल तिथे चाललं नसतं.

ओळखीचा_खडू
शक्य आहे. मी वर्गात फेरीला एक ओळ मान्य करतो, पण एक फेरी पूर्ण सुटी मागतो.

मधलीसुट्टी
प्रत्येक तपासणीला एक ओळ हाच खरा ट्रेस. चार ओळींचा तो सारांश झाला.

अर्धीवही
आमच्या सरांनी काहीच सांगितलेलं नाही. सगळ्या तपासण्या सुट्या लिहिल्या तर ७ ओळी होतात ना?

ओळखीचा_खडू
आठ. `j = 2` ला i शून्य झाल्यावर while ची अटच खोटी ठरते. तिथे `A[i]` बघितला नाही, पण अट तपासली गेली. त्या ओळीत `A[i]` च्या रकान्यात फक्त आडवी रेघ मारा.

अर्धीवही
आठ ओळींचं करतेय. खाली चार ओळींचं पण जोडू का, की दोन टेबलं बघून सर चिडतील?