मदत हवी आहे: आर्टिनियन रिंगमध्ये प्रत्येक प्राइम आयडियल मॅक्सिमल का?

कोरा_फळा:
एमएस्सीच्या दुसऱ्या सेमिस्टरला आहे. आर्टिनियन इंटिग्रल डोमेन फील्ड असतं, याची सिद्धता वर्गात तीन ओळींत झाली. शून्य नसलेला a घ्यायचा, (a) ⊇ (a²) ⊇ (a³) ⊇ … ही चेन कुठेतरी थांबते, म्हणून aⁿ = r·aⁿ⁺¹, म्हणून ra = 1. प्रत्येक ओळ पटते, तरी हा r नेमका येतो कुठून ते कळत नाही. आणि यावरून कुठल्याही आर्टिनियन रिंगमधलं प्राइम आयडियल मॅक्सिमल कसं ठरतं? तिथे रिंग डोमेन असेलच असं नाही. (सगळ्या रिंगा कम्युटेटिव्ह आणि 1 असलेल्या.)

घाटमाथा:
सोपं आहे. a ने गुणणं वन-वन आहे, कारण डोमेनमध्ये रद्द करता येतं. वन-वन म्हणजे ऑन्टो, म्हणून 1 कुणाच्या तरी वाट्याला येतोच. तो तुझा r.

कोरा_फळा:
हे सान्त रिंगेला चालेल. पण ℚ तर अनंत आहे आणि तरी आर्टिनियन आहे. ℤ मध्ये 2 ने गुणणं वन-वन आहे, पण ऑन्टो नाही.

उंबरठा:
घाटमाथा यांचं पाऊल बरोबर दिशेला आहे, पण वन-वन वरून ऑन्टोकडे जायला काहीतरी लागतं. सान्त रिंगेत ते काम मोजणी करते, इथे ते चेन करते. (aⁿ) = (aⁿ⁺¹) झालं की aⁿ हा घटक उजवीकडच्या आयडियलमध्ये बसतो, म्हणजे तो aⁿ⁺¹ चा कुठला तरी पट असतो. तो पट म्हणजेच r. तो इन्व्हर्स आहे असं आपण आधी काहीच म्हटलेलं नाही. आता aⁿ(1 − ra) = 0. डोमेन असल्यामुळे aⁿ शून्य नाही, म्हणून 1 − ra शून्य. r इन्व्हर्स निघतो तो या शेवटच्या पायरीला. ℤ मध्ये (2), (4), (8) ही चेन थांबतच नाही, त्यामुळे r मिळायची वेळच येत नाही.

डोमेन नसेल तर काय होतं ते ℤ/12 मध्ये बघा. a = 2 घ्या. (2) नंतर (4), आणि (8) म्हणजे पुन्हा (4), कारण 8·2 = 16 = 4. म्हणजे n = 2, r = 2, आणि 4·(1 − 4) = 4·(−3) = 0. इथे 4 रद्द करता येत नाही. 1 − ra हा −3 आहे, शून्य नाही.

पाणवठा:
पण ℤ मध्येही प्राइम आयडियलं मॅक्सिमलच असतात ना? (2), (3), (5) सगळी. मग आर्टिनियन कशाला हवं?

उंबरठा:
(0) राहिलं. ℤ डोमेन आहे, म्हणून (0) प्राइम आहे, आणि ते (2) च्या आत बसतं.

कोरा_फळा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या −3 मध्येच आहे. पुस्तकी वाट अशी: R/P डोमेन आहे. त्याची आयडियलं म्हणजे R मधली P ला पोटात घेणारी आयडियलं, म्हणून तिथली उतरती चेनही थांबते. मग R/P फील्ड, P मॅक्सिमल. पण मला R मध्येच राहून केलेलं जास्त आवडतं. P बाहेरचा a घ्या. aⁿ(1 − ra) = 0 हे P मध्ये आहेच. P प्राइम आणि aⁿ बाहेर, म्हणून 1 − ra आत. म्हणजे P मध्ये a घातला की 1 येतो, आणि P च्या वर फक्त पूर्ण रिंग उरते. ℤ/12 मध्ये P = (3), a = 2: −3 खरंच P मध्ये आहे. आणि n, r एकदाच शोधायचे. a बाहेर ठेवणाऱ्या प्रत्येक P साठी तेच चालतात.

कोरा_फळा:
−3 शून्य नाही, पण (3) मध्ये आहे! R/P मध्ये तोच शून्य होतो. आता दोन्ही सिद्धता एकच दिसतात.

वाळूचा_किल्ला:
माझा थोडा वेगळा मामला. सेटच्या तयारीत विचारलंय की सगळी प्राइम आयडियलं मॅक्सिमल असतील तर रिंग आर्टिनियन असते का. मी हो लिहिलं.

उंबरठा:
नाही. 𝔽₂ च्या अनंत प्रती गुणून रिंग करा. तिथे प्रत्येक x साठी x² = x, म्हणजे x(1 − x) = 0, आणि वरचाच युक्तिवाद r = 1 घेऊन चालतो. सगळी प्राइम आयडियलं मॅक्सिमल. पण पहिले k घटक शून्य असलेल्यांचं आयडियल घ्या आणि k वाढवत न्या, चेन कधीच थांबत नाही.

घाटमाथा:
म्हणजे सिद्धतेत सगळ्या चेन लागल्याच नाहीत, फक्त एका घटकाच्या घातांची लागली. मग उलट बाजूने, सगळी प्राइम आयडियलं मॅक्सिमल असतील तर निदान घातांची चेन प्रत्येक a साठी थांबायलाच हवी का?

कोरा_फळा:
मी aⁿ(1 − ra) या रूपातल्या घटकांचा संच घेऊन बघतोय. तो गुणाकाराला बंद आहे. त्यात 0 नसेल तर त्याला टाळणारं एखादं प्राइम आयडियल मिळायला हवं. पुढे अडलोय.