मदत हवी आहे: आत्याचं सेव्हिंग खातं न सांगता फ्रीज केलंय

खानापूरच्या आमच्या आत्याचं, वय 78, खातं बँकेनं फ्रीज केलंय. ना पत्र ना फोन, सोमवारी पेन्शन काढायला गेली तर कॅशियरनं स्लिप परत सरकवली आणि म्हणाला केवायसी पेंडिंग. पेन्शन जमा होतेय बघा, पासबुकात एन्ट्री आहे, पण एक रुपया निघंना. दुसऱ्या दिवशी मी आधार, पॅनची झेरॉक्स घेऊन गेलो तर दुसरा साहेब म्हणतो वरनं होल्ड आहे, आता यातलं खरं काय? फॉर्म कन्नडमधी, आत्याला वाचता येत नाही, तो मीच भरला.

आरबीआयच्या नियमात केवायसीची मुदत संपायच्या आधी तीनदा कळवायचं, त्यात एकदा तरी पत्रानं, असं आहे ना? मी लेखी अर्ज देऊन कारण मागतोय, केवायसी का सायबर पोलिसांचा होल्ड, ते लिहून द्या आणि लगेच खातं चालू करा म्हणून. पोच शिक्क्यासकट घेणारच. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडं जाता येतं म्हणे, पण तोवर तिच्या बीपीच्या गोळ्यांचं काय? आपल्या भागात कुणाचं असं लवकर सुटलंय का, नेमकं कुणाला भेटलात?