‘जमा’, ‘प्राप्ती’ की ‘उत्पन्न’? वर्षभराच्या आगाऊ बिलासाठी नेमका शब्द हवा आहे

मोगरा
लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका भागीदारी संस्थेच्या हिशेबनिसांसाठी मराठी पुस्तिका लिहिते आहे. एका वाक्यावर अडले. आशय असा: वर्षभराच्या सेवेचं बिल आधीच दिलं, तरी त्याचा रेव्हेन्यू सेवा होत जाईल तसतसा रेकग्नाइझ करायचा. पहिल्या खर्ड्यात मी ‘महसूल ओळखावा’ असं लिहिलं. वाचून पाहिलं तर एकही हिशेबनीस असं बोलत नाही. ‘अ‍ॅक्रुअल’ला कुठे ‘उपार्जित’, कुठे ‘प्रोद्भूत’ सापडतं, आणि दोन्हींनी कारकुनाला काही कळेल असं वाटत नाही.

पुस्तिकेतलं उदाहरण सांगते. १ जानेवारी २०२५ चं बिल, एका सोसायटीच्या चार लिफ्ट, मुदत डिसेंबरअखेर. आकार १,२०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी २१,६००, एकूण १,४१,६००. ३१ मार्चला वर्ष संपतं. तर यातलं ‘उत्पन्न’ किती, आणि त्या ‘किती’ला म्हणायचं काय?

बिलबुक
यात अडचण कसली? रोख पद्धतीत पैसे आले की उत्पन्न, अ‍ॅक्रुअलमध्ये बिल फाडलं की उत्पन्न. जानेवारीत बिल फाडलंत, म्हणजे १,२०,००० जानेवारीत जमा. मी हार्डवेअरचं दुकान एकोणीस वर्षं असंच चालवतो. तेव्हा सरळ ‘बिल पद्धत’ म्हणा.

कोपरगावकर
‘आगाऊ’ हा शब्द पुस्तिकेत नको, आमच्याकडे आगाऊ म्हणजे वात्रट पोरगं. ‘उचल’ का नाही वापरत? ऊसतोडीला जाणारी जोडपी मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतात, मग तोडणीतून ती फिटते. पैसे आधी, काम नंतर. तुमचंही तेच दिसतंय.

खतावणी
बिलबुकराव, दुकानासाठी तुमचं बरोबर आहे. तुमच्याकडे बिल आणि माल एकाच वेळी हातातून जातात, त्यामुळे बिलाची तारीख धरली तरी हिशेब चुकत नाही. पण तिथेही उत्पन्न होतं ते माल दिल्यामुळे, बिल फक्त सोबत असतं. देखभालीच्या बिलात त्यांची फारकत होते. इथे तीन तारखा वेगवेगळ्या पडतात: बिलाची, पैशाची आणि कामाची. रोख पद्धत पैशाच्या तारखेकडे पाहते, अ‍ॅक्रुअल कामाच्या. बिलाच्या तारखेने उत्पन्न ठरवणारी पद्धत या दोन्हींत नाही. बिलाच्या तारखेला धावतो तो जीएसटी. पैसे मिळोत न मिळोत, बिल जानेवारीचं असेल तर पूर्ण २१,६०० जानेवारीच्याच विवरणात जातात. हे पाहूनच लोकांना वाटतं की उत्पन्नही जानेवारीतच झालं.

मोगराताई, तुमच्या उदाहरणात मार्चअखेर तीन महिन्यांची सेवा झाली. उत्पन्न ३०,०००. उरलेले ९०,००० हे सोसायटीला अजून द्यायच्या सेवेचं ओझं आहे, ते ताळेबंदात देण्यांच्या बाजूला बसतं. आणि जीएसटी उत्पन्नात कधीच येत नाही, तो सरकारचा.

कोपरगावकरांची उचल मला आवडली, पण ती देणाऱ्याच्या वहीत येणं असते आणि घेणाऱ्याच्या डोक्यावर कर्ज. इथे पैसे घेणाऱ्या लिफ्टवाल्यांना कुणी कर्जदार म्हणत नाही. ‘आगाऊ’ मात्र राहू द्या, ‘आगाऊ रक्कम’ म्हटल्यावर कुणाला वात्रट पोरगं आठवत नाही.

बिलबुक
मान्य, माझं दुकानापुरतं होतं. पण मग जानेवारीत ‘जमा’ काय करायचं? बिल तर वहीत घ्यावंच लागेल ना.

खतावणी
खरी गोम याच शब्दात आहे. मराठीत ‘जमा’चे तीन अर्थ एकमेकांत मिसळले आहेत. घरात ‘जमाखर्च’ म्हणतो तेव्हा जमा म्हणजे हातात आलेला पैसा. बँकेत ‘जमा झाले’ म्हणजे खात्यात पडले. आणि वहीत नावे-जमा म्हणतो तेव्हा जमा ही फक्त एक बाजू असते, तिचा कमाईशी संबंध असेलच असं नाही. जानेवारीची नोंद पाहा:

```
०१-०१-२०२५
सोसायटी खाते            नावे  १,४१,६००
  आगाऊ सेवा आकार खाते   जमा   १,२०,०००
  जीएसटी देणे खाते      जमा     २१,६००

३१-०१-२०२५ (पुढे दर महिनाअखेर)
आगाऊ सेवा आकार खाते     नावे     १०,०००
  देखभाल उत्पन्न खाते   जमा      १०,०००
```

पहिल्या नोंदीत दोन ‘जमा’ आहेत आणि एकही उत्पन्न नाही. नवा हिशेबनीस ‘जमा’ वाचतो आणि १,२०,००० थेट उत्पन्न खात्यात टाकतो. मार्चला नफा फुगतो. पुढच्या वर्षी नऊ महिने मेकॅनिकचा पगार आणि दोरखंड-ब्रेकचा खर्च पडत राहतो, समोर उत्पन्न काहीच नाही. पुस्तिकेत तपासणीची एक ओळ घाला: ३१ मार्चला प्रत्येक चालू कराराचे उरलेले महिने गुणिले मासिक आकार, त्यांची बेरीज आगाऊ खात्याच्या शिलकेशी जुळली पाहिजे. इथे नऊ गुणिले १०,०००, म्हणजे ९०,०००. जुळली नाही तर कुठेतरी बिलालाच उत्पन्न समजलं गेलंय.

मोगरा
हे फार उपयोगी पडलं. म्हणजे ‘जमा’ फक्त नोंदीच्या बाजूसाठी ठेवायचा आणि कमाईसाठी ‘उत्पन्न’. ‘महसूल’ काढूनच टाकते, तो वाचला की डोळ्यांसमोर तलाठी आणि सातबारा येतात. पण ‘रेकग्नाइझ’ला? ‘ओळखणे’ नको हे नक्की.

शब्दवेडी
ऑफिसात आम्ही ‘उत्पन्न धरायचं’ म्हणतो. ‘यातलं किती धरलंस?’ हा प्रश्न दर मार्चला ऐकू येतो. माझं मत ‘धरणे’ला. ‘नोंदणे’ने घोटाळा होईल, कारण ९०,००० सुद्धा नोंदलेलेच असतात, फक्त उत्पन्न म्हणून धरलेले नसतात.

‘उत्पन्न’ची व्युत्पत्तीही तुमच्या बाजूने आहे. ते मुळात विशेषण: जे उत्पन्न झालं, उपजलं ते. म्हणजे अ‍ॅक्रुअलचा अर्थ शब्दातच आहे. उलट ‘मिळकत’ मिळण्यावरून आणि ‘प्राप्ती’ हाती येण्यावरून, दोन्हींचा कल रोख पद्धतीकडे. संस्थांच्या हिशेबात ‘प्राप्ती व शोधन खाते’ निव्वळ पैशाच्या येण्याजाण्याचं असतं आणि ‘उत्पन्न व खर्च खाते’ त्या वर्षाचं. तिथे मराठीने हा भेद सांभाळला आहे. गंमत वाटते ती ‘प्राप्तिकर’ची. नाव प्राप्तीचं, पण त्याच कायद्यात दोन्ही पद्धती चालतात.

सल्लागार
तो विषय निघालाच आहे तर माझं सांगतो. मी एकटा सल्लागार, हिशेब रोख पद्धतीने. वर्षभराच्या सल्ल्याचं बिल जानेवारीत दिलं. त्या कंपनीने मार्चमध्ये बिल वहीत घेऊन टीडीएस कापला आणि पैसे दिले एप्रिलमध्ये. प्राप्तिकर खात्याच्या २६एएस या टीडीएस-उताऱ्यात अख्खं बिल जुन्या वर्षात दिसलं, मी उत्पन्न दाखवलं नव्या वर्षात. तफावतीची नोटीस आली. म्हणजे मला शब्द कळला नव्हता की पद्धत?

खतावणी
तुमचं काही चुकलं नाही. रोख पद्धतीत पैसे एप्रिलमध्ये आले तर उत्पन्न एप्रिलचं, आणि वर्षभराची सेवा बाकी असली तरी सगळं एकदम, तिथे बारा भाग पडत नाहीत. टीडीएसचं श्रेय उत्पन्नाच्या मागे जातं. प्राप्तिकर नियम ३७बीए तेच सांगतो: ज्या वर्षी उत्पन्न करपात्र, त्या वर्षी श्रेय, आणि उत्पन्न अनेक वर्षांत विभागलं तर श्रेयही त्याच प्रमाणात. विवरणपत्रात ते पुढे ओढायला रकाना आहे, तो भरला नसेल तर नोटीस येते. कापलेली रक्कम कापल्याच्या वर्षीच मिळाली असं धरावं असंही एक मत आहे, त्यावर तुमच्या सीएशी बोला.

मोगराताईंच्या लिफ्टवाल्यांनाही हे लागू पडेल. सोसायटीने बिल घेताना जीएसटी सोडून १,२०,००० वर २ टक्के, म्हणजे २,४०० कापले. २६एएसमध्ये सगळे २,४०० पहिल्या वर्षात. पण उत्पन्न ३०,००० असल्याने त्या वर्षी श्रेय ६०० चं, उरलेले १,८०० पुढच्या वर्षी.

बिलबुक
महिन्याने भागायचं की दिवसाने? जानेवारी ते मार्च नव्वद दिवस होतात. ३६५ ने भागलं तर २९,५८९ येतात.

खतावणी
दोन्ही चालतं, दरवर्षी तेच करा. समान भाग करायला आधार आहे तो या कामाच्या स्वरूपाचा. लिफ्ट कधी बंद पडेल, किती खेपा होतील हे आधी सांगता येत नाही, वर्षभर तयार राहणं हीच सेवा. करारात ठरलेल्या चार मोठ्या तपासण्याच असत्या तर मी महिन्याने न भागता तपासणीगणिक उत्पन्न धरलं असतं.

मोगरा
आता शेवटचा शब्द, ९०,००० साठी. पाठ्यपुस्तकी ‘पूर्वप्राप्त उत्पन्न’ घ्यावं असं वाटत होतं.

शब्दवेडी
त्यात दोन अडचणी. एक, ते अजून ‘उत्पन्न’ झालेलं नाही. दोन, सोसायटीने ३१ मार्चपर्यंत पैसेच दिले नाहीत तर ‘प्राप्त’ही नाही. बिल दिलंय, एवढंच खरं. ‘अनार्जित उत्पन्न’मध्येही पहिली अडचण राहते.

खतावणी
पैसे आलेच नसतील तर आणखी एक प्रश्न आहे. सोसायटी करार कधीही सोडू शकत असेल, तर न दिलेल्या सेवेचे ९०,००० येण्यातही आणि देण्यातही दाखवून ताळेबंद दोन्हीकडून फुगवू नये असं माझं मत. झालेल्या सेवेचे ३०,००० आणि जीएसटी एवढंच येणं दाखवावं. नफ्यात फरक पडत नाही.

सल्लागार
माझे सीए उलट सांगतात. बिल कायदेशीर आहे, सोसायटीचं खातं तिच्या उताऱ्याशी जुळायला हवं, म्हणून दोन्ही बाजू ठेवा.

खतावणी
उतारा वहीतल्या खात्याशी जुळवा, मी बोलतोय ते ३१ मार्चच्या ताळेबंदातल्या मांडणीबद्दल. छोट्या भागीदारीत दोन्ही प्रकार पाहिलेत. करारातलं रद्द करण्याचं कलम वाचल्याशिवाय मी ठरवणार नाही.

कोपरगावकर
मग त्या ९०,००० ला ‘सेवा-देणे’ म्हणा की. पैशाचं नाही, कामाचं देणं. सोसायटीने जूनअखेर करार मोडला तर सहा महिन्यांचं देणं उरतं, तेवढे ६०,००० आणि त्यावरचा जीएसटी १०,८०० परत. आमच्याकडे उचलीचं असंच म्हणतात, ‘अजून इतकी तोड देणं आहे’.

मोगरा
‘सेवा-देणे’ घेते. वाक्य आता असं: ‘वर्षाचे बिल आधी दिले तरी उत्पन्न झालेल्या सेवेपुरतेच धरावे, बाकी रक्कम सेवा-देणे खात्यात ठेवावी.’ रोख पद्धतीला ‘रोख पद्धत’च ठेवते. अ‍ॅक्रुअलला ‘उपार्जित पद्धत’ लिहिलंय, पण पुढच्याच ओळीत ‘कामाच्या तारखेने’ असं जोडावं लागलं. एकाच शब्दात बसेल असं कुणाला सुचलं तर सांगा, खर्डा शुक्रवारपर्यंत माझ्याकडे आहे.

शब्दवेडी
‘उपज पद्धत’? शेतीचा वास येतो म्हणून बिचकत लिहिते.

बिलबुक
वास आला तरी मला समजलं.